बेडरूमच्या नकाशात पलंग आणि कपाट नीट बसलेलं दिसतं, पण चालायला जागा उरेल का?

अबोली_फुले

मंडळी, पुढच्या महिन्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला जायचं आहे. हातात बिल्डरच्या पुस्तिकेतला फ्लोअर प्लॅन आहे. बाकी खोल्यांचं जमेल असं वाटतंय, मला काळजी आहे ती मोठ्या बेडरूमची. नकाशावर तिचं माप ३.०५ × ३.६५ मीटर लिहिलंय.

चित्रात एक पलंग, दोन बाजूंना दोन छोटी टेबलं आणि दाराशेजारी कपाट काढलंय. सगळ्या बाजूंना भरपूर मोकळी जागा दिसते. आमच्याकडे आधीपासून सहा बाय साडेसहा फुटी गादीचा पलंग आहे आणि सहा फूट रुंद, चार दारांचं कपाट आहे. दोन्ही चांगल्या लाकडाचे आहेत, टाकायचे नाहीत.

खोली अशी आहे: आत येण्याचं दार आखूड भिंतीत, डाव्या कोपऱ्याजवळ. त्याच भिंतीला दाराच्या उजवीकडे कपाट. समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. उजव्या लांब भिंतीत टॉयलेटचं दार. पलंगाचं उसं डाव्या लांब भिंतीला. नवरा म्हणतो, चित्रात बसलंय म्हणजे बसणार. मला मात्र कपाट उघडून उभं राहता येईल का, याचीच शंका येते. नकाशावरून हे आधी कसं ताडायचं?

सागवान

सोपं आहे. असे नकाशे १:१०० प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरचा १ सेंमी म्हणजे खोलीतला १ मीटर. पट्टी लावा आणि मोजा. आणि सगळ्या बाजूंनी ९० सेंमी सोडा, त्याच्या आत येत असेल ती वस्तू त्या खोलीत ठेवू नका.

काटकोन

सागवान, पट्टी लावायचं बरोबर आहे, पण १:१०० धरून मोजू नका. पुस्तिकेत चित्र पानाच्या आकाराला जुळवून छोटंमोठं केलेलं असतं. पीडीएफ छापतानाही प्रिंटर ते पानात बसवायला थोडं आक्रसतो. कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातातल्या कागदाला ते लागू असेलच असं नाही.

अबोलीताई, प्रमाण तुम्हीच काढा. खोलीची लांब भिंत ३६५ सेंमी आहे असं नकाशावर लिहिलंय ना? ती रेघ पट्टीने मोजा. समजा ७.३ सेंमी भरली, तर कागदावरचा १ सेंमी म्हणजे खरे ५० सेंमी. मग त्याच पट्टीने चित्रातला पलंग आणि कपाटाची खोली मोजून इथे लिहा. बाकी काही बोलण्याआधी मला ते दोन आकडे हवेत.

मी बरीच वर्षं फर्निचरचे लेआउट काढतो आणि ते प्रत्यक्ष बसवून घेतो. लोक नकाशातल्या भिंती तपासतात आणि त्यात काढलेल्या वस्तूंवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. भिंती प्रमाणात असतात. पलंग चित्रकाराने कुठला उचलून ठेवलाय हे त्यालाच माहीत.

अबोली_फुले

मोजलं. लांब भिंत बरोबर ७.३ सेंमी भरली, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच प्रमाण. चित्रातला पलंग ३ बाय ३.६ सेंमी आहे. कपाटाची खोली ०.९ सेंमी.

म्हणजे पलंग १५० × १८० सेंमी आणि कपाट ४५ सेंमी खोल? आमचं कपाट ६० आहे.

काटकोन

तीच गंमत आहे, आणि हे फार ठिकाणी दिसतं. चित्रातला पलंग पाच बाय सहा फुटांचा आहे. तुमची गादीच मुळात १८३ × १९८. पलंगाची चौकट आणि डोक्याकडची फळी धरली की तो आणखी वाढतो, त्यामुळे गादीचं माप धरू नका, पलंगाला बाहेरून टेप लावा. कपाट ४५ खोलीचं असेल तर हँगरवरचा शर्ट त्यात आडवा मावत नाही, म्हणून खरी कपाटं ६० च्या आसपास असतात.

आता लांबीच्या दिशेने हिशेब करा. चित्रात ३६५ मधून कपाटाचे ४५ आणि पलंगाची रुंदी १५० गेली की १७० उरतात. म्हणून ती खोली ऐसपैस दिसते. तुमच्या खऱ्या वस्तू घातल्या की पलंगाच्या दोन्ही बाजू मिळून ११० च्या आसपास उरतील. ते ११० खिडकीकडची बाजू आणि कपाटासमोरची जागा या दोघांत वाटायचे आहेत.

आणि हे ३६५ सुद्धा पूर्ण मिळतीलच असं नाही. काही नकाशांत माप विटांपासून विटांपर्यंतचं असतं, गिलावा त्यानंतर चढतो. दोन्ही भिंतींचा मिळून दोन-तीन सेंमी जातो. नकाशाखालच्या बारीक टिपांत कुठलं माप आहे ते लिहिलेलं सापडतं. फ्लॅट बघायला मिळत असेल तर थेट मोजून या.

सातवी_पायरी

माझा अनुभव सांगते, तो फार महत्त्वाचा आहे. आम्ही खोलीत सगळं मोजून बसवलं आणि कपाट जिन्याच्या वळणावरच अडकलं! लिफ्टमध्ये तर जातच नव्हतं. शेवटी पाठची फळी काढावी लागली. तेव्हा आधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. कपाट आडवं करून नेलं तर खोलीत उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो का तेही बघा. २१० उंच आणि ६० खोल कपाटाचा कर्ण २१८ होतो. आमच्याकडे खाली आलेल्या बीमने घात केला.

अबोली_फुले

सातवी_पायरी, हे लक्षात ठेवते, पण आमचं कपाट पूर्ण सुटं होतं, फळ्या-फळ्यांनी वर जाईल. माझा प्रश्न ते आत लावल्यानंतरच्या जागेचा आहे.

काटकोन, शनिवारी फ्लॅट बघायला परवानगी मिळाली आहे. काय काय मोजून आणू?

काटकोन

खोलीची रुंदी दोन ठिकाणी मोजा, दाराजवळ आणि खिडकीजवळ. भिंती समांतर असतीलच असं धरू नका, कमी भरेल ती घ्यायची. लांबीचंही तसंच. प्रत्येक दाराची चौकट जवळच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर सुरू होते आणि कुठे संपते ते लिहा. दार कुठल्या बाजूला उघडतं ते नकाशातल्या पाव वर्तुळावरून कळतं, पण तिथे दार बसवलेलं असेल तर उघडून खात्री करा, नकाशानंतर बिजागऱ्यांची बाजू बदललेली मी पाहिली आहे. खिडकीचा खालचा कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. स्विचबोर्ड कुठे आहेत ते बघा, कारण पुस्तिकेच्या नकाशात ते नसतातच.

आणि एक विचारतो. नकाशात डाव्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात, काळा भरीव चौकोन आहे का? भिंतीच्या रेघेतून थोडासा आत आलेला?

अबोली_फुले

आहे! मी तो छपाईचा डाग समजत होते.

काटकोन

तो कॉलम आहे. तो किती आत आलाय आणि भिंतीलगत किती लांब आहे, ही दोन मापं सगळ्यांत आधी घ्या.

गोधडी

आमच्याकडे सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे हा धागा वाचतेय. आमची खोलीही साधारण एवढीच आहे. वॉकरसाठी ७५ सेंमी पुरतात असं कुणी सांगितलं होतं. पलंग ते कपाट ७५ ठेवलेत, पण त्यांना वळता येत नाही, दरवेळी कुणीतरी वॉकर उचलून फिरवावा लागतो.

काटकोन

गोधडीताई, सरळ जायला लागणारी जागा वेगळी आणि वळायला लागणारी वेगळी. वॉकर घेऊन सरळ चालणं ७५-८० मध्ये भागतं, ९० असेल तर हात आपटत नाहीत. वळण मात्र एखाद्या ठिकाणी रुंद लागतं. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला १५० सेंमी व्यासाचं वर्तुळ धरतात. वॉकरला तेवढं लागत नाही, पण ७५ च्या पट्ट्यात वळता येणार नाही हे खरं. पूर्ण पट्टा रुंद करता येत नसेल तर निदान पलंगाच्या पायगतीचा कोपरा मोकळा करून बघा, म्हणजे त्या तिथपर्यंत सरळ जाऊन तिथे वळतील. टॉयलेटचं दार नेमकं कुठे आहे ते कळलं तर नीट सांगता येईल.

अबोली_फुले

जाऊन आले. आकडे देते.

रुंदी दाराजवळ ३०३, खिडकीजवळ ३०२. लांबी ३६२. कॉलम डाव्या भिंतीतून १० सेंमी आत आलाय आणि खिडकीच्या भिंतीपासून ४५ सेंमीपर्यंत लांब आहे. आत येण्याचं दार डाव्या भिंतीपासून १० वर सुरू होतं आणि चौकटीसकट १०५ वर संपतं. ते डाव्या भिंतीकडे उघडतं. स्विचबोर्ड चौकटीला लागून आहे, त्याची बाहेरची कड डाव्या भिंतीपासून १२० वर. टॉयलेटचं दार उजव्या भिंतीत, कपाटाच्या भिंतीपासून ७० ते १४५, आणि टॉयलेटच्या आत उघडतं. खिडकीचा कठडा ९० उंच.

आमचा पलंग बाहेरून १९३ × २१३ भरला. डोक्याकडची फळी १०५ उंच. कपाट १८० रुंद, ६० खोल.

काटकोन

छान मापं आणलीत. सरळ हिशेबाला बसू.

आधी पुस्तिकेतली मांडणी, उसं डाव्या भिंतीला. कॉलममुळे पलंग खिडकीपर्यंत सरकत नाही, डोक्याची फळी त्याला अडते. म्हणजे खिडकीकडे ४५ सेंमी आपोआप सुटतात. त्यानंतर पलंगाचे १९३. कपाटाचे ६० आणि स्कर्टिंगमुळे ते भिंतीपासून सुटतं त्याचा १. ३६२ मधून हे सगळं गेलं की पलंग आणि कपाट यांच्यात ६३ उरतात. तुमच्या कपाटाचं एक दार ४५ रुंद. ते उघडलं की पुढे १८ सेंमी. दार उघडून बाजूला सरकून, पलंगाला पाय टेकवून कपडे काढावे लागतील, आणि तेवढा वेळ दुसरं कुणी टॉयलेटला जाऊ शकणार नाही.

कॉलमला टाळायचं म्हणून पलंग डाव्या भिंतीपासून १० पुढे ओढला तर तो खिडकीला टेकवता येतो आणि कपाटासमोर १०८ मिळतात. पण मग खिडकीकडे झोपणाऱ्याला रोज दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागेल. दोघांच्या पलंगाला हे मी सुचवत नाही.

आता उसं खिडकीखाली घेऊन बघा. लांबी ३६२. पलंग २१३, कपाट ६०, दोन्हीकडच्या स्कर्टिंगचे २. पायगत आणि कपाट यांच्यात ८७ उरतात. कपाटाचं दार ४५ उघडलं तरी ४२ शिल्लक, मागे सरकून उभं राहता येतं, खाली वाकून खालचा कप्पा बघता येतो. पायगत कपाटाच्या भिंतीपासून १४८ वर येते आणि टॉयलेटचं दार १४५ वर संपतं, म्हणजे पलंग त्याच्या आड येत नाही. रुंदीत १०९ उरतात, मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना ५४-५४. डाव्या बाजूला उशाशी कॉलमपुरते ४४.

कपाट उजव्या भिंतीला टेकवलं तर ते डाव्या भिंतीपासून १२२ वर सुरू होतं. स्विचबोर्ड १२० वर संपतो. दोन सेंमीने वाचलात.

सागवान

५४ कमी आहेत की. मी ९० म्हणालो होतो. इथे ९० सोडायचे तर पलंगच ठेवता येणार नाही हे मान्य, पण ५४ मध्ये माणूस कसा चालणार?

काटकोन

हा मुद्दा नीट बघायला हवा, कारण नकाशावर सगळ्या मोकळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात. नकाशा वरून बघतो. माणसाची रुंदी खांद्याशी जास्त आणि गुडघ्याशी कमी असते. पलंगाची उंची ४५-५० सेंमी, म्हणजे गुडघ्याच्या आसपास. पलंग आणि भिंत यांच्यामधून चालताना एका बाजूचा खांदा गादीच्या वरून मोकळा जातो. म्हणून तिथे ५०-५५ मध्ये भागतं, तेही फक्त झोपायला जाण्यापुरतं. हीच ५५ ची पट्टी दोन उंच कपाटांमध्ये असेल तर माणूस तिरका होऊनच जाईल. दोन्हीकडे उंच वस्तू असतील तर निदान ७५ हवेत. आणि दिवसभर ये-जा होते तिथे, म्हणजे खोलीच्या दारापासून टॉयलेटपर्यंत, ९० च्या जवळ जावं. अबोलीताईंचा हा रस्ता ८७ चा आहे आणि त्याची एक बाजू बुटकी आहे.

म्हणून सगळीकडे एकच आकडा लावू नका. आधी दारापासून कुठे कुठे रोज जायचं त्या रेघा पेन्सिलने नकाशावर ओढा, मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना काय उंचीचं आहे ते बघा.

निळी_शाई

खिडकीखाली उसं मला अजिबात पटत नाही. आम्ही तसंच ठेवलं होतं. पावसाळ्यात फट राहिली की उशी ओली. पहाटे डोळ्यांवर उजेड. पडदा सरकवायला गुडघ्यांवर चढायचं. दीड वर्षाने फिरवला पलंग. आकडे बरोबर असतील, पण झोप आकड्यांवर लागत नाही.

काटकोन

निळी_शाई, तुमचं म्हणणं खोटं नाही. मी जागेचं सांगतोय, झोपेचं तुम्ही सांगताय, आणि ती त्यांची खोली आहे. पाणी येणं खिडकीच्या प्रकारावर अवलंबून आहे. आत उघडणारी असेल तर हा पर्यायच बाद, कारण तिची झडप १०५ उंचीच्या फळीवर आदळेल. सरकती असेल तर चालतं, पण कठडा ९० वर आणि फळी १०५ वर, म्हणजे काचेचा खालचा १५ सेंमी भाग झाकला जाईल आणि तिथे धूळ साचेल.

चौथा_मजला

एक विचारायचं राहिलंय. पलंगाला खण आहेत का? आमच्या पलंगाला दोन्ही बाजूंना ओढायचे खण होते. जागा ५५ ठेवली आणि खण ५० बाहेर येतो. खण उघडला की उभं कुठे राहणार? वर्षभर त्यातली पांघरुणं पलंगावर पालथं पडून काढली.

अबोली_फुले

आमच्या पलंगाचा वरचा भाग पायगतीकडून उचलला जातो, बाजूला खण नाहीत. खिडकी सरकती आहे.

काल आत्ताच्या घरातल्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने खोली आखली. सुरुवातीला फक्त पट्टी होती आणि सगळं मोकळं वाटलं, ६३ सुद्धा. मग कपाटाच्या जागी शिफ्टिंगचे खोके एकावर एक रचले, पलंगाच्या जागी आमची खरी गादी खोक्यांवर टाकली आणि कपाटाच्या दाराच्या मापाचा पुठ्ठा कापून खोक्याला लावला. मग फरक कळला. ६३ मध्ये मला पुठ्ठा उघडून खाली बसता आलं नाही, पाठ गादीला लागली. ८७ मध्ये मी पुठ्ठा उघडून उभी होते आणि नवरा मागून गेला, तिरका होऊन, पण न थांबता. बाजूच्या ५४ मधून आम्ही दोघं अंधारात जाऊन पाहिलं, काही आपटलं नाही. नवऱ्याला आता पटलंय.

आता अडचण एकच, निळी_शाई म्हणतात ती. मला स्वतःला खिडकीखाली डोकं नको आहे, नवऱ्याला चालतं.

काटकोन

खोके रचलेत ते उत्तम केलंत. नुसती चिकटपट्टी फसवते, कारण आपण नकळत तिच्यावरून पाय टाकतो.

उसं डाव्या भिंतीलाच हवं असेल तर मग कपाट बदलायला लागतं. त्याच सांगाड्याला सरकती दारं बसवता येतात का ते सुताराला विचारा. दार पुढे येणार नाही, पण दोन सरकत्या दारांच्या पट्ट्या साधारण ७-८ सेंमी खातात. त्या आतून घेतल्या तर हँगर अडतील, बाहेरून घेतल्या तर ६३ चे ५५ होतील. दार उघडण्याचा त्रास जाईल, खाली बसायचा राहील.

गोधडी

काटकोनदादा, आमच्या टॉयलेटचं दार मोजलं. नकाशात ७५ आहे, पण दार उघडून मधलं अंतर मोजलं तर ६३ च भरतं. वॉकर ६१ रुंद आहे. हे कसं काय?

काटकोन

नकाशातलं माप बहुधा भिंतीतल्या मोकळ्या खिंडाराचं असतं. त्यात दोन्ही बाजूंची चौकट जाते, आणि दार काटकोनात उघडून थांबत असेल तर त्याची जाडीही आतच राहते. ६३ मधून ६१ चा वॉकर जाईल, पण हाताची बोटं चौकटीवर घासतील. ते दार पूर्ण मागे, भिंतीला लागेपर्यंत उघडतं का? तसं उघडत असेल तर जाडीचे तीन-साडेतीन सेंमी परत मिळतील. मागे काय अडतंय ते बघून सांगा.

गोधडी

मागे बेसिनचा नळ आहे. उद्या उजेडात मोजून लिहिते.

अबोली_फुले

सुताराशी बोलले. सरकत्या दारांना तो नाही म्हणाला, सांगाडा तेवढं वजन पेलणार नाही म्हणे. डोक्याकडची फळी मात्र १०५ ची ८८ करून देतो, म्हणजे कठड्याच्या खाली राहील आणि काच झाकली जाणार नाही. फळी कापायच्या आधी पहिला महिना तशीच खिडकीखाली ठेवून झोपून बघायचं ठरवलंय. निळी_शाई, पडदा कुठला लावला होतात, तेवढं सांगाल का?